मांजराच्या डोळ्यावर पडदा येतो तेव्हा

मांजराच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने एक पांढरट-गुलाबी पातळ पडदा पुढे आलेला दिसला की घरातले लोक बहुधा तीनपैकी एक तर्क करतात. डोळ्यात फूल पडलं, मोतीबिंदू झाला, किंवा नख लागून डोळ्यात मांस वाढलं. तिन्ही तर्कांमागे एकच समजूत असते, की आधी तिथे नसलेलं काहीतरी आता डोळ्यात आलं आहे. खरं तर तो पडदा जन्मापासून तिथेच असतो. तो मांजराची तिसरी पापणी. निरोगी, जागं मांजर तिला दिवसभर मागे ओढून धरतं, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. त्यामुळे ती दिसू लागली, की पापणीला काय झालं हे विचारण्याआधी तिला मागे धरणारं काय ढिलं पडलं, हे विचारावं लागतं.

वरच्या-खालच्या पापण्या वरून खाली आणि खालून वर मिटतात. तिसरी पापणी मात्र नाकाकडच्या कोपऱ्यातून तिरकी सरकत डोळ्यावर येते. तिच्या आत इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची कूर्चा असते, त्यामुळे पातळ असूनही ती दुमडत नाही आणि डोळ्याच्या गोलाईवर नीट बसते. तिच्या मुळाशी अश्रू बनवणारी ग्रंथी असते आणि डोळ्यावरच्या ओलाव्याचा मोठा वाटा तिथून येतो. आतल्या बाजूला रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके असतात. कचरा पुसणं, डोळा ओला ठेवणं आणि शिकारीच्या किंवा भांडणाच्या वेळी बुबुळ झाकणं, अशी तिची तीन कामं. आपल्या डोळ्यांत तिची आठवण म्हणून नाकाकडच्या कोपऱ्यातली छोटी गुलाबी घडी उरली आहे. मांजरात ती पूर्ण कामाची आहे, म्हणूनच ‘दिसायला वाईट दिसते’ म्हणून ती कापून टाकणं चुकीचं. तसं केलं तर डोळा कोरडा पडू शकतो आणि बुबुळाला कायमचा त्रास होऊ शकतो.

ती पुढे-मागे कशी होते, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. तिला मागे धरण्याचं काम गुळगुळीत स्नायूंचे बारीक धागे करतात आणि त्या धाग्यांना अनुकंपी चेतासंस्थेकडून सतत हलका आदेश मिळत असतो. भीती, धावपळ, सावधपणा या वेळी शरीर चालवणारी तीच ही चेतासंस्था. हा आदेश ताणलेल्या दोरीसारखा आहे. दोरी घट्ट असेपर्यंत पडदा कोपऱ्यात राहतो, ढिली पडली की तो आपोआप पुढे येतो. दुसरी गोष्ट डोळ्याच्या जागेची. डोळ्याच्या गोळ्यामागे चरबीची गादी असते आणि गोळा आत ओढून घेणारा एक स्नायूही असतो. गोळा थोडा आत गेला की त्याच्या आणि नाकाकडच्या कोपऱ्याच्या मधली जागा बदलते आणि तिसरी पापणी पुढे ढकलली जाते. म्हणजे पडदा दिसण्याची मुख्य कारणं दोन: मागे धरणारा आदेश कमी झाला, किंवा डोळा खोबणीत आत गेला. क्वचित तिसरंही एक असतं. डोळ्यामागे गळू किंवा गाठ झाली तर ती डोळ्याला बाहेर आणि पापणीला पुढे रेटते. तेव्हा मात्र डोळा खोल नव्हे, फुगलेला दिसतो.

पडदा आजाराशिवायही दिसू शकतो. गाढ झोपेतून अर्धवट जागं झालेलं किंवा मांडीवर डोळे अर्धे मिटून पहुडलेलं मांजर पाहा. त्याची अनुकंपी चेतासंस्था तेव्हा विश्रांतीत असते, त्यामुळे पडदा थोडा पुढे आलेला दिसतो. ऑपरेशनसाठी गुंगीचं औषध दिल्यावरही काही तास तसंच दिसतं. मांजराला हाक मारा, खाऊच्या डब्याचा आवाज करा, ते पूर्ण जागं होऊ द्या. पडदा क्षणात मागे गेला तर काळजीचं कारण नाही. मांजर टक्क जागं आहे, कान टवकारून पाहतं आहे आणि तरीही पडदा तिथेच आहे, हे लक्षण.

आता ताणाबद्दल. ‘पडदा दिसतोय म्हणजे मांजर घाबरलं आहे’ असं पुष्कळदा सांगितलं जातं. थेट अर्थाने हे उलटं आहे. घाबरलेल्या मांजराच्या शरीरात अनुकंपी चेतासंस्था जोरात चालू असते. डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि तिसरी पापणी आणखी मागे ओढली जाते. दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून कपाटावर चढलेल्या मांजराचे डोळे पाहिले तर ते काळेभोर, सताड उघडे दिसतात. पडदा दिसत नाही. ताण तिसऱ्या पापणीपर्यंत पोहोचतो तो वळणाच्या वाटेने आणि काही दिवसांनी.

यातली सगळ्यात महत्त्वाची वाट एका विषाणूतून जाते. मांजरांमधला हर्पिस विषाणू सर्दी, शिंका आणि डोळ्यांचा दाह घडवतो. बहुतेक मांजरांना त्याची लागण पिल्लू असतानाच होते. वरवर पिल्लू बरं होतं, पण विषाणू शरीरातून जात नाही. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या चेतेच्या गाठीत तो लपून बसतो. पुढे मांजराचं घर बदललं, नवं मांजर किंवा बाळ घरात आलं, गावाला जाताना त्याला आठवडाभर बोर्डिंगमध्ये ठेवलं, की ताणामुळे रोगप्रतिकारशक्ती सैल पडते आणि विषाणू पुन्हा जागा होतो. हे लगेच होत नाही. ताणाच्या घटनेनंतर साधारण आठवड्याभराने विषाणू बाहेर पडू लागतो आणि पुढचा आठवडा-दोन आठवडे पडत राहतो. त्यामुळे घरच्यांना दोन्ही गोष्टींचा संबंध लागत नाही. शिफ्टिंग होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात, मांजर नव्या घरात रुळलं असं वाटत असतं आणि अचानक एका डोळ्यातून पाणी येऊ लागतं. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘गेल्या दोन-तीन आठवड्यांत घरात काय बदललं?’ हा प्रश्न ते विचारतात तो याचसाठी.

हर्पिस बुबुळाच्या पारदर्शक थरावर चट्टे पाडतो. अशा जखमा फार दुखतात. दुखणाऱ्या डोळ्याचा गोळा स्नायू आत ओढून घेतो आणि तिसरी पापणी जखमेवर येते. इथे ती खरोखर संरक्षण करत असते. या प्रकाराची ओळख बऱ्यापैकी पक्की आहे. बहुधा एकच डोळा, तो मिटलेला किंवा मिचमिचा, पाणी किंवा चिकट स्राव, उजेड नकोसा. डॉक्टर डोळ्यात फ्लुरेसिन नावाच्या नारिंगी रंगाची पट्टी टेकवतात. बुबुळाचा वरचा थर शाबूत असेल तर रंग धुऊन निघतो. जखम असेल तर तो तिथेच शोषला जातो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. हर्पिसच्या जखमा सुरुवातीला झाडाच्या बारीक फांद्यांसारख्या नक्षीत दिसतात. भांडणात लागलेलं नख, डोळ्यात गेलेलं गवताचं कुसळ यांनीही हेच चित्र उभं राहतं. कुसळ तर कधी कधी तिसऱ्या पापणीच्याच मागे अडकलेलं असतं. म्हणून डॉक्टर सुन्न करणारा थेंब टाकून पापणी उचलून मागे पाहतात.

याच जागी घरगुती उपायाची सर्वांत मोठी चूक होते. माणसांचे डोळे आल्यावर वापरलेली, कपाटात उरलेली थेंबांची बाटली मांजराच्या डोळ्यात घातली जाते. अशा कित्येक थेंबांत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड असतं. लाली एका दिवसात कमी होते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. पण स्टेरॉइड जखम भरू देत नाही आणि विषाणूला मोकळं रान देतं. बुबुळाला भोकही पडू शकतं. रंगाची तपासणी न करता स्टेरॉइडचा थेंब टाकायचा नाही, हा डोळ्यांच्या बाबतीत डॉक्टरही पाळत असलेला नियम आहे.

एकाच डोळ्यावर पडदा आहे, पण डोळा दुखत नाही, मिचमिचत नाही, लाल फारसा नाही, असंही होतं. तेव्हा बाहुली पाहावी. त्या बाजूची बाहुली दुसरीपेक्षा लहान, वरची पापणी किंचित खाली ओघळलेली आणि डोळा थोडा खोल असेल, तर दोरी कुठेतरी तुटली आहे. याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. योहान फ्रीडरिश हॉर्नर या स्विस नेत्रतज्ज्ञाने १८६९ साली एका स्त्रीरुग्णाच्या बाबतीत त्याचं वर्णन केलं. त्याआधीच फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी प्राण्यांच्या मानेतली अनुकंपी चेता कापून डोळ्यावर होणारा परिणाम पाहिला होता. बाहुल्यांमधला फरक मंद उजेडात जास्त स्पष्ट दिसतो, कारण अंधारात निरोगी बाहुली मोठी होते आणि बाधित बाहुली लहानच राहते.

ही चेता डोळ्यापर्यंत फार लांबच्या वाटेने येते. मेंदूतून निघून ती पाठीच्या कण्यातून खाली छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरते, तिथून बाहेर पडून पुन्हा मानेतून वर चढते, कवटीच्या तळाशी एका गाठीत थांबते, मधल्या कानाजवळून जाते आणि मग डोळ्यात पोहोचते. या वाटेवर कुठेही धक्का लागला तरी लक्षण डोळ्यातच दिसतं. म्हणून डोळ्यावर पडदा असलेल्या मांजराचा कान तपासला जातो, मान चाचपली जाते आणि छातीचा एक्स-रे काढला जातो. बोक्यांच्या भांडणात मानेला झालेला चावा, गाडीखाली येताना पुढच्या पायाला बसलेला हिसका, मधल्या कानातला संसर्ग, छातीतली गाठ, ही नेहमीची कारणं. मांजरांमध्ये ही चेता मधल्या कानात इतकी उघडी असते, की कान खोलवर साफ केल्यानंतर किंवा कानातला मांसल वाढलेला भाग काढल्यानंतरही पडदा दिसू लागतो. पुष्कळ मांजरांत तो काही आठवड्यांत ओसरतो. हॉर्नर सिंड्रोमने स्वतःहून दृष्टी जात नाही आणि दुखतही नाही. उपचार असतो तो मूळ कारणावर.

दोन्ही डोळ्यांवर सारखाच पडदा असेल तर गोष्ट बदलते. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी नख लागत नाही आणि दोन्ही बाजूंच्या चेता एकाच दिवशी तुटत नाहीत. त्यामुळे कारण डोळ्यांबाहेर, अंगात शोधावं लागतं. पहिला संशय पाण्याच्या कमतरतेचा. उलट्या, जुलाब, ताप किंवा उपास यांनी अंगातलं पाणी घटलं की डोळे खोल जातात आणि दोन्ही पडदे वर येतात. शरीराच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी गेलं की डोळे खोल गेलेले नजरेला कळू लागतात. चार किलोच्या मांजरात हे ३२० मिलिलिटर भरतं, पण एक किलोच्या पिल्लात फक्त ८० मिलिलिटर. दोन-चार जोराच्या उलट्या-जुलाबांत तेवढं पाणी जातं. लस न दिलेलं पिल्लू उलट्या करत असेल, मलूल असेल आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पडदे असतील, तर पॅनल्युकोपेनिया या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शक्यता धरून त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात डॉक्टर गाठावा. पिल्लू पाण्याच्या भांड्यावर वाकून बसतं, पण पीत नाही, हे या आजारात वारंवार दिसणारं चित्र आहे. मोठ्या, विशेषतः जाड मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही, तर यकृतात चरबी साचण्याचा वेगळा धोका उभा राहतो. ताणाची दुसरी वाट इथूनही जाते. नव्या घरात बिथरून खाणं-पिणं सोडलेल्या मांजराचे डोळे चार दिवसांत खोल दिसू लागतात.

पण सगळ्यात चकवणारा प्रकार तो, ज्यात मांजर जवळजवळ ठणठणीत असतं. उदाहरणादाखल पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतला दीड वर्षाचा बोका घेऊ. दोन्ही डोळ्यांवर अर्ध्यापर्यंत पडदे, तरी तो खातो, उड्या मारतो, गॅलरीतल्या कबुतरांवर दबा धरतो. एवढंच, की आठ-दहा दिवसांपासून त्याची शी पातळ आहे आणि शेपटीखालच्या केसांवर तांदळाच्या दाण्यांसारखे काही कण चिकटलेले घरच्यांनी पाहिले आहेत. पडद्यामुळे पुढचं नीट दिसत नसल्यासारखा तो मान किंचित वाकडी करून पाहतो.

डॉक्टर काय करतात ते क्रमाने पाहू. आधी ताप. मांजराचं सामान्य तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ते ठीक निघालं. हिरड्या ओल्या आणि गुलाबी, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर जाते, म्हणजे पाण्याची कमतरता नाही. डोळे मिचमिचे नाहीत. फ्लुरेसिनचा रंग कुठेही चिकटत नाही, म्हणजे जखम नाही. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत आणि बॅटरीच्या उजेडात चटकन लहान होतात, त्यामुळे हॉर्नरचं चित्र जुळत नाही. आता डॉक्टर एका डोळ्यात फेनिलेफ्रिनचा सौम्य थेंब टाकतात. हे औषध अनुकंपी चेतेच्या आदेशाची नक्कल करतं. काही मिनिटांत त्या डोळ्यातला पडदा कोपऱ्यात परत जातो, दुसऱ्या डोळ्यातला तसाच राहतो. म्हणजे पापणी शाबूत आहे, तिला मागे ओढणारे स्नायू शाबूत आहेत, फक्त त्यांना आदेश पोहोचत नव्हता.

आदेश न पोहोचणारा स्नायू त्या औषधाला इतक्या झटकन प्रतिसाद का देतो, याचं उत्तर विज्ञानाला मांजराच्या याच पापणीवरच्या कामातून बरंचसं मिळालं. अमेरिकेत हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन आणि आर्तुरो रोसेनब्लूएथ यांनी मांजराच्या तिसऱ्या पापणीचा उपयोग मोजमापाच्या साधनासारखा केला. संकटात लढायचं की पळायचं, या प्रतिक्रियेची कल्पना मांडणारे कॅनन हेच. रक्तात अनुकंपी संदेशाचं रसायन आलं की पापणी आकुंचन पावते आणि ते आकुंचन बाहेरून मोजता येतं. त्यांच्या लक्षात आलं, की चेता तोडलेली पापणी निरोगी पापणीपेक्षा जास्त संवेदनशील होते. आदेश येणं बंद झालेले स्नायू क्षीण आदेशालाही जोरात उत्तर देऊ लागतात. त्यांचं या विषयावरचं पुस्तक कॅनन यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली निघालं. आज डॉक्टर टाकत असलेला थेंब हाच नियम वापरतो. मात्र याच औषधाने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून ती तपासणी दवाखान्यातच व्हावी.

आपल्या बोक्याला झालेल्या प्रकाराला हॉज सिंड्रोम म्हणतात. तो बहुधा दोन-तीन वर्षांखालच्या तरुण मांजरांत दिसतो आणि त्यांपैकी अनेकांना जुलाब, जंत किंवा आतड्याचा दुसरा एखादा त्रास असतो. आतड्याच्या त्रासाने डोळ्याची दोरी नेमकी कशी ढिली पडते हे पूर्ण उलगडलेलं नाही, पण विषाणूचा हात असावा असा संशय जुना आहे. शेपटीखालचे कण पिसवांमधून येणाऱ्या पट्टकृमीचे तुकडे निघतात. बोक्याला पट्टकृमीचं औषध दिलं जातं, त्याच्यावर आणि त्याच्या अंथरुणावर पिसवांचा बंदोबस्त होतो आणि शी तपासून इतर जंतांसाठी औषध ठरतं. डोळ्यात काहीही घालायचं नसतं. पडदे हळूहळू मागे जातात. बहुतेक वेळा चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढ्यात ते दिसेनासे झाले नाहीत, तर पुन्हा तपासणी करावी. जंत निघाले की दुसऱ्या दिवशी डोळे साफ होतील, ही अपेक्षा इथे चुकते. पोट आधी ठीक होतं, पापणी मागून.

या बोक्याच्या तपासणीत प्रत्येक पाऊल एका शक्यतेला बाजूला सारत गेलं. घरी तेवढं करता येत नाही, पण निम्मी माहिती घरच्यांकडेच असते. पडदा एका डोळ्यावर की दोन्ही? बाहुल्या सारख्या आहेत का? डोळा मिचमिचा आणि ओला आहे का? मांजर खातं-पितं का, शी-शू कशी आहे? आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत घर बदललं, भांडण झालं, कान साफ केला, नवं औषध दिलं, असं काही घडलं का? मांजर पूर्ण जागं असताना, खिडकीच्या उजेडात समोरून दोन फोटो काढून ठेवले तर उत्तम, कारण दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचा पडदा ताणामुळे मागे जातो आणि डॉक्टरांना तो दिसतच नाही.

किती थांबायचं, हेही या उत्तरांवरूनच ठरतं. एकच डोळा, मिटलेला आणि ओला असेल तर त्याच दिवशी जावं, कारण बुबुळाची जखम एक-दोन दिवसांत खोल जाऊ शकते. दोन्ही डोळ्यांवर पडदे आणि मांजर मलूल किंवा उपाशी असेल तरीही त्याच दिवशी. एका बाजूला पडदा, लहान बाहुली, पण दुखणं नसेल, तर एक-दोन दिवसांत तपासणी व्हावी आणि अपघात किंवा चावा झाला असेल तर लगेच. दोन्ही डोळ्यांवर पडदे, पण मांजर खेळतं-खातं असेल, तर दोन-तीन दिवसांत शीचा नमुना घेऊन जावं. यातल्या एकाही वेळी डॉक्टरांनी पाहण्याआधी डोळ्यात थेंब टाकायचे नाहीत. डोळ्याभोवतीचा स्राव मात्र कोमट, उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने बाहेरून पुसायला हरकत नाही.